लिस्टिंगचे शीर्षक आणि टॅग : देवनागरी आणि रोमन शब्दांची वाटणी

घरी केलेला कांदा लसूण मसाला मी गेली काही वर्षे ऑनलाइन विकते आणि त्यासाठी दर हंगामाला नव्याने लिस्टिंग लिहिते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला असा, की प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत लिहावा, म्हणजे कोणीही शोधले तरी माल सापडतो. हा सल्ला चुकीचा आहे. मी तो तंतोतंत पाळला होता, आणि त्यामुळे काय झाले ते पुढे सांगते.

सर्वांत आधी, साइटचा शोध दोन लिप्यांना एक मानतो का, हे पाहून घ्या. शोधपेटीत आधी मसाला आणि मग masala टाइप करून दोन्ही वेळच्या पहिल्या वीस वस्तू ताडून पाहिल्या, की उत्तर मिळते. याद्या जवळपास सारख्या असतील, तर एकाच लिपीत नीट लिहिले तरी भागते आणि उरलेली जागा दुसऱ्या शब्दांना देता येते. याद्या वेगळ्या असतील, तर खालची वाटणी करावी लागते.

यानंतर आपले गिऱ्हाईक कोणत्या लिपीत लिहिते, हे व्हॉट्सॲपवरच्या चौकशीच्या जुन्या संदेशांतून पाहा. मला येणाऱ्या संदेशांपैकी बरेचसे masala kiti la ahe अशा रोमन मराठीत असतात, आणि शोधतानाही हीच माणसे तीच लिपी वापरणार, असे मी धरून चालते.

आता जिथे मी स्वतः फसले, त्या टप्प्याकडे येते. एकच शब्द दोन लिप्यांत लिहिला, की तो दोन्हीकडे एकच अर्थ देतो, असे मी गृहीत धरले होते. कोल्हापुरात या मसाल्याला घरोघरी चटणी म्हणतात. भाजीत चटणी घालणे म्हणजे हाच तिखट मसाला घालणे. म्हणून मी टॅगमध्ये कोल्हापुरी चटणी लिहिले आणि दोन लिप्यांच्या नियमाप्रमाणे शेजारी kolhapuri chutney हेही लिहिले. पण chutney असे रोमनमध्ये शोधणारा माणूस बहुधा ताटात डावीकडे वाढायची, भाकरीबरोबर तोंडी लावायची चटणी शोधत असतो. त्या टॅगवरून आलेल्यांनी हा पुदिन्यासारखा ओला प्रकार आहे का, शेंगदाणे घातले आहेत का, असे प्रश्न विचारले, आणि एका बाईंनी मसाला तसाच तोंडी लावून, फार तिखट आहे म्हणून, तक्रारही केली. चूक त्यांची नव्हती. मीच त्यांना चुकीच्या शब्दाने बोलावले होते.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. शब्दाचे लिप्यंतर करायचे नाही. त्या लिपीत लिहिणारा माणूस या वस्तूला काय म्हणतो, ते लिहायचे. देवनागरीत चटणी, तर रोमनमध्ये masala. बाहेरच्या लोकांसाठी onion garlic masala हा टॅग चालतो, पण त्याचे देवनागरी रूप कोणी शोधणार नाही. उलट तांबडा रस्सा हा शब्द दोन्ही लिप्यांत त्याच अर्थाने शोधला जातो, म्हणून तो दोन्हीकडे ठेवावा. एकाच टॅगमध्ये मात्र दोन लिप्या मिसळू नयेत, कारण दोन शब्दांच्या शोधासाठी मध्येच कीबोर्ड बदलणारे मी तरी पाहिलेले नाहीत.

दुसरी फसगत मोजणीची झाली. मी विकते त्या साइटवर शीर्षकाला १००, तर प्रत्येक टॅगला २० अक्षरांची मर्यादा आहे. आपण कोल्हापुरी हा शब्द चार अक्षरांचा समजतो, पण संगणक मूळ अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरातला हलन्त असे सगळे सुटे मोजतो, त्यामुळे तो शब्द दहाचा भरतो. कोल्हापुरी कांदा लसूण हा टॅग मोकळ्या जागांसह २१ चा होतो. मी तो दुसरीकडून आणून चिकटवला, पेटीने शेवटचे अक्षर गुपचूप कापले आणि महिनाभर माझ्या मालावर कोल्हापुरी कांदा लसू असा टॅग राहिला. म्हणून टॅग चिकटवल्यावर शेवटचे अक्षर डोळ्यांनी पाहून घ्यावे.

शुद्धलेखनाचा प्रश्नही इथेच येतो. गावाचे नाव कोल्हापूर असे दीर्घ, पण त्यापासून झालेले विशेषण कोल्हापुरी असे ऱ्हस्व. अनेक जण ते कोल्हापूरी असे लिहितात, आणि पुष्कळ साइटींच्या शोधाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. अशुद्ध रूप शीर्षकात कधीही लिहू नये, कारण शीर्षक माणसे वाचतात. ते एखाद्या टॅगमध्ये ठेवायला हरकत नाही. रोमनमध्ये तर शुद्ध असे काही नसतेच. लसूण हा शब्द lasun, lasoon, lasan अशा अनेक प्रकारांनी लिहिला जातो. त्यांपैकी चौकशीच्या संदेशांत सर्वांत जास्त दिसणारे रूप शीर्षकात घ्यावे, दुसऱ्या क्रमांकाचे टॅगमध्ये घ्यावे आणि तिथेच थांबावे.

माझे जुने शीर्षक प्रत्येक शब्दाची दोन रूपे लिहून इतके लांबले होते, की मोबाइलवर वजन कापले जायचे आणि प्रत्येक जण किती ग्रॅमचे पाकीट आहे, हे विचारायचा. आताचे शीर्षक असे आहे :

```
कांदा लसूण मसाला | Kolhapuri Kanda Lasun Masala 500 g
```

मोजणीत ते ५३ भरते. कोल्हापुरी हा शब्द इथे फक्त रोमनमध्ये आहे, कारण देवनागरीत शोधणाऱ्यासाठी तो टॅगमध्ये ठेवता येतो. वजनाचा आकडा मुद्दाम इंग्रजी अंकांत आहे, कारण मराठी कीबोर्ड वापरणारेही बहुधा तेच अंक टाइप करतात. तुमचे गिऱ्हाईक प्रामुख्याने देवनागरीत लिहीत नसेल, तर उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल करावी. माझ्याकडे रोमनवाले जास्त असूनही मी देवनागरी पुढे ठेवली आहे, कारण या साइटवरच्या यादीत बाकी सगळी शीर्षके रोमनमध्ये आहेत आणि मराठी वाचणाऱ्याची नजर आपल्या लिपीवर आधी थांबते, असा माझा अनुभव आहे.

टॅग असे :

```
कोल्हापुरी चटणी
कोल्हापूरी मसाला
तांबडा रस्सा मसाला
मटण मसाला
अर्धा किलो मसाला
kanda lasoon masala
tambda rassa masala
onion garlic masala
misal masala
```

शीर्षकातले शब्द टॅगमध्ये पुन्हा लिहायचे की नाही, हे साइटचा शोध दोन्हीकडे पाहतो का, यावर ठरते. शीर्षकात नसलेला एक टॅग घ्या, लिस्टिंग प्रसिद्ध झाल्यावर एक-दोन दिवसांनी तो शब्द आपल्या दुकानाच्या नावासह शोधा आणि आपला माल दिसतो का ते पाहा. मी तांबडा रस्सा मसाला घेऊन ही चाचणी केली. माल दिसला, तर टॅगही वाचले जातात आणि शीर्षकातले शब्द तिथे पुन्हा लिहिण्याची गरज नसते. दिसला नाही, तर टॅगवर विसंबू नये आणि दोन्ही लिप्यांतले सर्वांत महत्त्वाचे शब्द शीर्षकातच बसवावेत.

बदल करताना एका वेळी एकच टॅग बदलावा आणि दोन आठवडे थांबून चौकशीचे संदेश पुन्हा वाचावेत. त्यात वस्तूबद्दलचे चुकीचे प्रश्न वाढलेले दिसले, तर नुकता घातलेला टॅग लगेच काढून टाकावा, मग त्या टॅगमुळे लिस्टिंग कितीही लोकांनी पाहिलेली असो.