रोटेशनल स्पेक्ट्रममधून बाँड लेंथ: नुसत्या गॅपवर विसंबू नका, CO करून बघा

एमएस्सीला स्पेक्ट्रोस्कोपीचा पेपर सुरू झाला की पहिल्याच महिन्यात हे गणित येतं आणि सगळे एकच गोष्ट पाठ करतात, दोन लाईन्समधलं अंतर म्हणजे 2B, त्या रोटेशनल कॉन्स्टंट B वरून मोमेंट ऑफ इनर्शिया I, त्यावरून बाँड लेंथ r, संपलं. मी ज्युनियर्सना हे बरेचदा शिकवलंय आणि माझं ठाम मत आहे की सुरुवात कार्बन मोनॉक्साइडपासूनच करावी, कारण त्याच्या लाईन्स इतक्या अचूक मोजलेल्या आहेत की गॅपवाली पद्धत नेमकी कुठे कमी पडते ते आकड्यांतच दिसतं.

CO च्या पहिल्या पाच लाईन्स गिगाहर्ट्झमध्ये अशा आहेत: ११५.२७१, २३०.५३८, ३४५.७९६, ४६१.०४१ आणि ५७६.२६८. आता लागोपाठची अंतरं काढा. पहिलं ११५.२६७, शेवटचं ११५.२२७. म्हणजे गॅप सारखी नाहीये, हळूहळू कमी होतेय, आणि ही मोजमापाची चूक नाही, रेणू जोरात फिरायला लागला की बाँड थोडा ताणला जातो, I वाढतो आणि लाईन्स जवळ सरकतात. मग 2B म्हणून यातली कुठली गॅप घ्यायची? कुठलीच नाही. त्याऐवजी प्रत्येक लाईनला तिच्या J+1 ने भागा, J म्हणजे ती लाईन ज्या खालच्या रोटेशनल पातळीतून सुरू होते तिचा क्रमांक, पहिल्या लाईनला ०. कारण सूत्र असं आहे:

ν/(J+1) = 2B − 4D(J+1)²

भागल्यावर ११५.२७१२ पासून सुरू होऊन पाचव्या लाईनला ११५.२५३६ येतं. हे (J+1)² विरुद्ध प्लॉट केलं की सरळ रेघ मिळते, इंटरसेप्ट म्हणजे 2B आणि स्लोप म्हणजे −4D, D हा बाँड ताणला जाण्याचा स्थिरांक. CO साठी B येतो ५७.६३६ गिगाहर्ट्झ आणि D साधारण ०.१८ मेगाहर्ट्झ. एखादा बिंदू रेघेवरून बाजूला पडला तर त्या लाईनचा J चुकलाय किंवा ती लाईन दुसऱ्याच कशाची आहे असं समजा. उदाहरणार्थ ११०.२०१ ला एक बारीकशी लाईन दिसते ती कार्बन-१३ वाल्या CO ची पहिली लाईन, नैसर्गिक कार्बनमध्ये तो जेमतेम एक टक्का असतो म्हणून ती फिकी.

J दिलेलाच नसेल तर लाईनची फ्रिक्वेन्सी गॅपने भागून बघायची, उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवं, तोच J+1. पेपरमध्ये ११५.२७१ आणि ३४५.७९६ एवढ्याच दिल्या तर गॅप २३०.५२५, भागाकार अर्धा येतो, म्हणजे मधली एक लाईन गायब आहे हे लगेच कळतं.

आता r. I = h/(8π²B), B हर्ट्झमध्ये घातला की I येतो १.४५६ × १०⁻⁴⁶ किग्रॅ·मी². रिड्यूस्ड मास १२ × १५.९९५ / २७.९९५ = ६.८५६ u, किलोग्रॅममध्ये १.१३८५ × १०⁻²⁶. r² = I/μ, वर्गमूळ काढलं की १.१३०९ अँगस्ट्रॉम. इथे आवर्त सारणीतलं १२.०११ वापरू नका, ते सरासरी वस्तुमान आहे आणि स्पेक्ट्रम एकाच आयसोटोपच्या रेणूचा आहे.

उत्तर चुकलं तर ते कसं चुकलं यावरूनच कारण सापडतं. ०.८० आलं तर 2B लाच B धरलंय, कारण r हा B च्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ११.३ आलं तर B सेंटीमीटर-इन्व्हर्समध्ये होता आणि c मीटरमध्ये घातला. दोन्ही वेळा कॅल्क्युलेटर काही तक्रार करत नाही, म्हणून साधारण किती यायला हवं ते आधीच माहीत असावं, ०.७४ ही तर हायड्रोजनची बाँड लेंथ, CO तेवढा आखूड असणं शक्यच नाही.

एवढं झाल्यावर पुस्तक उघडलं तर तिथे १.१२८३ लिहिलेलं असतं आणि पोरं गोंधळतात, आपलं गणित पुन्हा पुन्हा तपासत बसतात. गणित बरोबरच आहे. आपल्याला मिळालं ते r₀, सगळ्यात खालच्या कंपन पातळीतलं, आणि तिथेही रेणू थरथरतच असतो. पुस्तकातलं ते rₑ, म्हणजे पोटेन्शियल वक्राच्या तळाचं अंतर. तिकडे जायला v=1 पातळीचा B लागतो, आणि खोलीच्या तापमानाला त्या पातळीत लाखात तीनेक रेणू असतात, त्यामुळे तो मायक्रोवेव्हमध्ये शोधण्यापेक्षा २१४३ सेंटीमीटर-इन्व्हर्सच्या इन्फ्रारेड बँडमधून घेणं सोपं पडतं. तो येतो ५७.१११ गिगाहर्ट्झ. दोन्हींतल्या फरकाचा अर्धा भाग B₀ मध्ये मिळवा, Bₑ = ५७.८९८, आणि त्यावरून r काढला की बरोब्बर १.१२८३. म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तर लिहिताना r पुढे ० की e ते लिहाच, चार दशांश स्थळांपर्यंत आकडा द्यायचा असेल तर त्याशिवाय तो तपासताच येत नाही.