पावसाळा सरल्यावर चिखलदऱ्याला जाताना या चुका टाळा

दसरा ते दिवाळी हा काळ चिखलदऱ्यासाठी सर्वांत अनुकूल असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रावणातल्या शनिवार-रविवारची वाहनांची रांग तेव्हा ओसरलेली असते आणि पंचबोल पॉइंटवरून धुक्याऐवजी खरोखरच दरी दिसते. तरीही याच दिवसांत गेलेली अनेक कुटुंबे नाराज होऊन परततात. त्याचे कारण बहुतेक वेळा घरूनच केलेल्या नियोजनात असते.

पहिली चूक तारीख ठरवताना होते. सप्टेंबर संपला म्हणजे पाऊस संपला, असे विदर्भात होत नाही. मान्सून येथून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो आणि त्यापूर्वी दुपारनंतर गडगडाटासह सरी कोसळतात. दुसरी बाजू अशी की धबधबा आणि स्वच्छ आकाश ही दोन्ही एकाच दिवशी भरभरून मिळत नाहीत. डोंगरमाथ्यावरील काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ असल्यामुळे पाणी फार काळ मुरून राहत नाही आणि पाऊस थांबला की भीमकुंडाकडची धार लवकर बारीक होत जाते. म्हणून निघण्यापूर्वी तेथील एखाद्या लॉजवाल्याला फोन करून शेवटचा चांगला पाऊस कधी झाला, एवढे विचारावे. दोन-तीन दिवसांपूर्वी झाला असेल तर पाणी मिळेल, पण सकाळ ढगांत जाण्याची शक्यता राहील. दहा-बारा दिवस कोरडे गेले असतील तर दूरवरच्या डोंगररांगा स्पष्ट दिसतील, मात्र धबधब्याची अपेक्षा ठेवू नये. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबल्यास गर्दी पुन्हा वाढते आणि गवतही पिवळे पडू लागते.

दुसरी चूक वेळेची. आषाढात सात वाजेपर्यंत उजेड असतो, तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सूर्य सहाच्या आतच मावळतो. दर्यापूरकडचे एखादे कुटुंब सकाळी दहाला निघाले, परतवाड्यात जेवले आणि घाट चढून दुपारी अडीचला वर पोहोचले, तर त्यांच्या हाती जेमतेम तीन तास उरतात; त्यात गाविलगड धरला तर परतीचा घाट अंधारातच उतरावा लागतो. हेच दिवस सोयाबीन सोंगणीचे असतात. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असे नाही, आणि काही ठिकाणी सोयाबीन रस्त्याच्या कडेलाच वाळत घातलेले असते. त्यामुळे पहाटे पाचला निघून आधी गाविलगड पाहावा, दुपारी पॉइंट करावेत आणि चार वाजता घाट उतरायला घ्यावा. मुक्काम करणार असाल तर स्वेटर अवश्य ठेवा, कारण आकाश निरभ्र असले की रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि खाली परतवाड्यात पंखा लागत असताना वर पांघरूण लागते.

तिसरी चूक, म्हणजे गाविलगडावरच्या गवतातून बेफिकीरपणे चालणे, मला सर्वांत गंभीर वाटते. बहामनी सुलतान अहमदशहाने 1425 मध्ये बांधून घेतलेल्या या किल्ल्यावर पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके वाढलेले असते. ते पायवाट, ढासळलेल्या भिंतींचे दगड आणि जुन्या टाक्यांच्या कडाही झाकून टाकते, म्हणून पुढे काठी टेकवून खात्री केल्याशिवाय पाऊल टाकू नये. हाफ पँट घालून गेलेल्यांच्या मोज्यांत कुसळे घुसतात, ती उलटी निघत नाहीत आणि चालताना आत आतच सरकत जातात.

त्याच गवतात डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या माइटच्या अळ्या असतात. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होऊ शकतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात याचे बरेच रुग्ण आढळले होते. चावा दुखत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही. यासाठी पूर्ण पँट घालून तिचे टोक मोज्यात खोचावे, गवतावर बसू किंवा लोळू नये, आणि मुक्कामी पोहोचताच साबणाने आंघोळ करून ते कपडे गरम पाण्यात धुवायला टाकावेत. परतल्यानंतर साधारण दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांपर्यंतही, जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा आणि गुडघ्यामागचा भाग नीट तपासावा. तेथे सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली तर ती मोठी खूण आहे, मात्र प्रत्येक रुग्णात ती असतेच असे नाही. मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या म्हणून घरी थांबू नये. आपण कोणत्या तारखेला किल्ल्यावरच्या गवतातून चाललो होतो, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. वेळीच ओळखल्यास हा आजार डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो, पण उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.