अँटी-रॅगिंग फॉर्म भरताना कलम 3 नक्की वाचा

प्रवेशाच्या गडबडीत antiragging.in वर फॉर्म भरतो तो बहुधा सायबर कॅफेवाला, आणि आईबाबांचा ईमेल म्हणूनही स्वतःचाच टाकतो. तसं करू देऊ नका. नोंदणी क्रमांक ईमेलवरच येतो, आणि तोच ईमेल कॉलेजला पाठवायचा असतो. हे दर वर्षी करावं लागतं, फक्त पहिल्या वर्षी नाही.

त्यात तुम्ही लिहून देता की यूजीसीचे 2009 चे नियम, विशेषतः रॅगिंग म्हणजे काय हे सांगणारं कलम 3, मी वाचले आहेत. आणि रॅगिंगला प्रत्यक्ष किंवा मूकपणे साथ दिली तरी शिक्षा होईल, हे मला माहीत आहे. म्हणजे हॉस्टेलच्या खोलीत ज्युनिअरला नाचायला लावलं जातंय आणि तुम्ही पलंगावर बसून नुसतं शूटिंग करताय, तर ‘मी हात लावला नाही’ हा बचाव लंगडा पडतो. निलंबनापासून प्रवेश रद्द होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

पालकांचं हमीपत्र वेगळं. रॅगिंगमुळे आपल्या पाल्याला आधी कुठून काढलेलं नाही, असं ते लिहून देतात. ते खोटं निघालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. मुलाने केलेल्या रॅगिंगची शिक्षा मात्र मुलालाच.