गॅपमध्ये एकटी पडलेली कॅन्डल: पैसे लावण्याआधी काय काय तपासायचे

चार्टवर अबँडन्ड बेबी, म्हणजे कल उलटण्याची खूण मानली जाणारी तीन कॅन्डलची रचना, दिसते आहे असे वाटले, की सर्वांत आधी तीन दिवसांचे हाय आणि लो वहीत लिहून घ्या. ओपन-क्लोज नंतर. ही रचना डोळ्यांना फार लवकर पटते, आणि आकडे मांडले की दहापैकी बहुतेक वेळा ती तिथे नसतेच. नियम कडक आहे. पहिल्या दिवशी चालू कलाच्या दिशेने मोठी कॅन्डल हवी. दुसऱ्या दिवशी गॅप पडून डोजी हवी, म्हणजे ओपन आणि क्लोज जवळपास एकच. तिसऱ्या दिवशी उलट्या दिशेने गॅप आणि उलट्या रंगाची कॅन्डल हवी. दोन्ही गॅप शॅडोसकट, म्हणजे बॉडीच्या वरखालच्या बारीक रेघांसकट मोजायचे. मधल्या कॅन्डलच्या शॅडोचे टोकसुद्धा शेजारच्या कॅन्डलच्या टोकाला भिडता कामा नये. बॉडींमध्ये गॅप आहे पण शॅडो एकमेकींत गेल्या आहेत, तर ती फार तर मॉर्निंग स्टार किंवा इव्हिनिंग स्टार झाली. त्या वारंवार दिसतात आणि त्यांचे वजनही तेवढेच कमी.

आयलंड रिव्हर्सलमध्ये डोजीची अट नाही. दोन गॅपांच्या मध्ये एक दिवस असेल किंवा पंधरा दिवस असतील, तो सगळा तुकडा बाकी चार्टपासून तुटलेला असला की झाले. मधे एकच दिवस आणि त्या दिवशी डोजी, असे झाले की त्या आयलंडला आपण अबँडन्ड बेबी म्हणतो. ट्रेडिंगव्ह्यूवर एका दिवसाच्या आयलंडसाठी एवढी अट पुरते:

```
bull = high[1] < low[2] and high[1] < low
bear = low[1] > high[2] and low[1] > high
```

यात आजचा दिवस म्हणजे तिसरी कॅन्डल. ती पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साडेतीनपर्यंत, या अटीवर विसंबू नका. सकाळी सव्वादहाला खरी असलेली अट दुपारी दोनला मोडलेली असते, कारण दिवसाचा लो तोवर खाली सरकलेला असतो.

आकडे लिहून काढण्याचा आग्रह का, ते जून 2024 मधल्या निफ्टीवरून कळेल. 31 मेला निफ्टी 22,530 वर बंद झाला होता आणि त्या दिवशीचा हाय सुमारे 22,654 होता. शनिवारी संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले आणि सोमवारी, 3 जूनला बाजार थेट 23,338 च्या आसपास उघडला. दिवसभर 23,060 ते 23,340 या पट्ट्यात फिरून तो 23,264 ला बंद झाला. 4 जूनला निकाल लागत गेले तसा बाजार कोसळला, 21,281 पर्यंत खाली गेला आणि 21,884 वर बंद झाला. क्लोजची रेघ काढली तर मधला दिवस उंचावर एकटा पडलेला दिसतो आणि कोणीही म्हणेल की ही मंदीची अबँडन्ड बेबी. पण 4 जूनचा ओपन आणि हाय दोन्ही सुमारे 23,180, तर 3 जूनचा लो सुमारे 23,060. म्हणजे दोन दिवस जवळजवळ 120 अंकांनी एकमेकांवर चढलेले आहेत. डावीकडे गॅप आहे, उजवीकडे नाही. मधली कॅन्डल डोजीही नाही. तिची बॉडी 74 अंकांची आहे आणि पूर्ण पट्टा 276 अंकांचा, म्हणजे पावाहून जास्त. मी डोजीसाठी एक दशांशाची मर्यादा धरतो. पुढे काय झाले? 7 जूनला निफ्टी 23,290 वर बंद झाला, म्हणजे 3 जूनच्या क्लोजच्याही वर. 4 जूनच्या संध्याकाळी ही रचना पक्की समजून ज्यांनी शॉर्ट केले असेल, त्यांना तीन सत्रांत सगळी पडझड भरून निघालेली बघावी लागली.

याच उदाहरणातून तयारीची दुसरी गोष्ट निघते: गॅप कशामुळे पडला ते लिहून काढा. या रचनेची ताकद अडकलेल्या माणसांत असते. मधल्या दिवशी उशिरा आत शिरलेले सगळे जण तिसऱ्या दिवशी बाजार उघडताच तोट्यात असतात. त्यांना आपल्या भावात बाहेर पडायची संधीच मिळत नाही, आणि त्यांची सुटकेची घाई भाव पुढे ढकलते. पण मधला दिवस जर दोन ठरलेल्या बातम्यांच्या मध्ये येत असेल, जसा 3 जून एक्झिट पोल आणि निकाल यांच्या मध्ये आला, तर तिथली शांतता थकव्याची नसते. लोक फक्त निकालाची वाट बघत थांबलेले असतात. कंपन्यांचे तिमाही निकाल, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, अर्थसंकल्प यांच्या आदल्या दिवशीची डोजी मी या यादीत धरतच नाही.

काही गॅप तर गॅपच नसतात. शेअर एक्स-डिव्हिडंड झाला, बोनस मिळाला, स्प्लिट झाले की भाव एका रात्रीत खाली येतो. बोनस-स्प्लिटसाठी बहुतेक चार्ट मागचे भाव सुधारून देतात, डिव्हिडंडसाठी बऱ्याचदा देत नाहीत, म्हणून एक्स-डेट तपासा. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांची कॅन्डल तासाभराची असते. ती साहजिकच चिमुकली आणि डोजीसारखी निघते; तिला मधली कॅन्डल मानू नका. पाच टक्क्यांचे सर्किट लागणारे आणि दिवसाला मोजकेच सौदे होणारे शेअर यादीतून सरळ काढून टाका, तिथे रोजच गॅप पडतात. आणि जुन्या निफ्टीच्या आकड्यांवर ही रचना तपासून पाहणार असाल, तर प्री-ओपन सत्र ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झाले हे ध्यानात ठेवा. त्याआधीचा निर्देशांकाचा ओपन आजच्यासारख्या लिलावातून ठरलेला नाही, त्यामुळे दोन काळांतल्या गॅपांची तुलना करता येत नाही.

क्लोजबद्दलही एक खबरदारी घ्यावी लागते. एनएसईच्या रोखीच्या बाजारात क्लोज म्हणून वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासाची भारित सरासरी धरली गेली आहे, शेवटच्या सौद्याचा भाव नव्हे. म्हणून साडेतीनला स्क्रीनवर दिसलेली डोजी भावकॉपीत किंचित बॉडी घेऊन येते, किंवा उलटेही होते. निवाडा अधिकृत आकड्यांवर करा.

आता खरी रचना. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर जगभर विक्री उसळली. 4 एप्रिलला, शुक्रवारी, निफ्टीचा लो 22,857 होता. सोमवारी, 7 एप्रिलला तो 21,758 वर उघडला, 21,744 पर्यंत गेला, तिथून सावरत 22,254 पर्यंत चढला आणि 22,162 वर बंद झाला. 8 एप्रिलचा लो 22,271. वरची अट लावा: 22,254 हा 22,857 पेक्षा कमी आहे आणि 22,271 पेक्षाही कमी आहे. 7 एप्रिलचा दिवस दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे, म्हणजे एका दिवसाचे तेजीचे आयलंड रिव्हर्सल. अबँडन्ड बेबी मात्र नाही, कारण मधल्या कॅन्डलची बॉडी 400 अंकांहून मोठी आहे.

पण उजवीकडचा गॅप बघा. तो अवघा 17 अंकांचा आहे. डावीकडे 600 अंकांची दरी आणि उजवीकडे एवढी बारीक फट. माझा नियम असा, की लहान गॅप तरी त्या काळातल्या सरासरी दिवसाच्या पट्ट्याच्या पाव हिस्सा असावा. तेव्हा निफ्टी रोज दोनशेहून जास्त अंक हलत होता, म्हणजे किमान 50 अंक हवे होते. या कसोटीवर 8 एप्रिलच्या संध्याकाळी उत्तर येते: व्याख्येत बसते, अजून भरवशाची नाही.

मग तिला भरवसा आला कुठून? आधी जागेतून. 4 मार्चला निफ्टीने 21,965 चा तळ केला होता. 7 एप्रिलला बाजार त्याच्या खाली उघडला आणि त्याच्या वर बंद झाला. जुना तळ तुटला म्हणून घाबरून विकणारे त्याच दिवशी चुकीच्या बाजूला अडकले होते. कुठल्याही महत्त्वाच्या पातळीपासून दूर, चार्टच्या मधोमध पडलेल्या आयलंडला मी याच कारणाने फारशी किंमत देत नाही. नंतर भरवसा आला गॅप टिकण्यातून. 9 एप्रिलला भाव खाली आले, पण लो 22,353 वरच राहिला आणि 17 अंकांची फट कोणी भरली नाही. 10 तारखेला सुट्टी होती. अमेरिकेने बहुतेक देशांवरचे वाढीव शुल्क 90 दिवस लांबणीवर टाकले होते, त्यामुळे 11 एप्रिलला बाजार पुन्हा गॅपने वर उघडला आणि 22,829 वर बंद झाला. माझ्या मते या रचनेची सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच: तिसऱ्या दिवसानंतरची दोन-तीन सत्रे उजवीकडचा गॅप उघडा राहतो का. तो क्लोजच्या आधारे भरला गेला, की अडकलेल्यांना सुटायला दार मिळाले आणि पुढे ढकलणारी ताकद संपली.

व्हॉल्यूम शेअरमध्ये बघा, निर्देशांकात नाही. निफ्टीचा स्वतःचा सौदा होत नाही. चार्टखाली दिसणारे खांब हे त्यातल्या शेअरांची बेरीज असतात. शेअरमध्ये मधल्या दिवशी मोठे व्हॉल्यूम हवे, कारण जितके जास्त लोक आत शिरले तितके जास्त अडकले. तिसऱ्या दिवशी ते सरासरीच्या खाली असेल तर थांबलेले बरे.

वाट बघण्याची किंमत आधीच मोजून ठेवा. एप्रिल 2025 मध्ये निफ्टीचा लॉट 75 चा होता. 8 एप्रिलच्या क्लोजला, 22,536 वर फ्युचर घेऊन गॅपच्या खाली 22,254 ला स्टॉपलॉस ठेवला असता, तर जोखीम 282 अंकांची, लॉटमागे सुमारे 21 हजार रुपये. 11 एप्रिलच्या क्लोजपर्यंत थांबले, तर तोच स्टॉपलॉस 575 अंक दूर, म्हणजे 43 हजार रुपये. फ्युचरचा भाव थोडा वेगळा असणार, पण अंदाज एवढाच येतो. खात्री वाढली तशी जोखीम दुप्पट झाली. मी अशा वेळी पहिल्या दिवशी छोटा सौदा आणि गॅप टिकल्यावर उरलेला, असे दोन भाग करणे पसंत करतो; निफ्टीत एक लॉटही मोठा पडत असेल तर निर्देशांकाचा ईटीएफ घेऊन तेच करता येते.

आणि स्टॉपलॉसची ऑर्डर टाकताना एक गोष्ट नक्की बघा. ही रचना ज्या काळात तयार होते, त्या काळात बाजार रोज गॅपनेच उघडत असतो. लिमिट भाव ट्रिगरला चिकटून ठेवला आणि बाजार त्याच्याही खाली उघडला, तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि तोटा वाढत जातो. म्हणून लॉटची संख्या ठरवताना नुसते स्टॉपलॉसपर्यंतचे अंतर धरू नका, त्यात ताज्या गॅपांइतके अंतर मिळवा. वरच्या उदाहरणात 282 अंकांच्या जागी मी निदान 600 धरले असते, आणि त्या 45 हजारांचा तोटा पेलवत नसेल तर फ्युचरला हात लावला नसता.