'पाणी सोडण्यात आले' म्हणजे नक्की कोणी सोडलं? रिपोर्ट लिहिताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी क्वालिटीला होतो तेव्हाची गोष्ट. नाइट शिफ्टचे ६२ कास्टिंग ब्लोहोलने, म्हणजे धातूत वायूच्या पोकळ्या राहिल्यानं, रिजेक्ट झाले, कस्टमरने रिपोर्ट मागितला आणि तो लिहायचं काम आलं माझ्याकडं. मी आपला सरकारी पत्रासारखा लिहून मोकळा झालो:

"रात्री मिक्सरमध्ये जास्त पाणी सोडण्यात आले. मॉइश्चर तपासण्यात आले. संबंधितांना कळवण्यात आले. तरीही पोअरिंग चालू ठेवण्यात आले."

चार वाक्यं, चारही ठिकाणी कोणीतरी काहीतरी केलंय, आणि माणूस एकपण दिसत नाही. आता वाचणारा काय करतो, रिकामी जागा स्वतःच भरतो. साच्याची वाळू पाणी घालून कालवायच्या मिक्सरवर कोण होतं? मामा होते, पंचवीस वर्षं वाळूत काढलेला माणूस. झालं, दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या प्लांटला माहीत, मामांनी पाणी जास्त सोडलं.

खरं काय झालेलं? मामांनी पाणी बरोबर वेळेत बंद केलेलं, पण व्हॉल्वचं सील गेलेलं, त्यामुळं बंद करूनही पाणी गळत राहिलं आणि वाळू ओली झाली. सकाळी साडेसातला मेंटेनन्सच्या फिटरने व्हॉल्व खोलला तेव्हा कळलं. म्हणजे जास्तीचं पाणी कोणी 'सोडलं'च नव्हतं, ते 'गळलं' होतं. माझ्या एका क्रियापदानं एका माणसावर आळ आला की हो.

इथंच पहिली चूक आहे, आणि ती लय जण करतात. नाव लिहिलं नाही म्हणजे आपण कोणावर आरोप केला नाही असं वाटतं. पण 'सोडण्यात आले' म्हटलं की कोणीतरी मुद्दाम हात लावला हे त्यात आलंच, फक्त तो कोण ते सांगितलं नाही एवढंच. मराठीत याला आयती सोय आहे, जोड्या बघा: पाणी सुटलं आणि सोडलं, पाइप फुटला आणि फोडला, वायर तुटली आणि तोडली, मोटर जळली आणि जाळली. एका बाजूला आपोआप झालेलं, दुसऱ्या बाजूला कोणीतरी केलेलं. 'फोडण्यात आला' ही दुसऱ्या बाजूची गोष्ट, फक्त तोंडावर रुमाल बांधलेली. त्यामुळं माणसाचा हात होता हे माहीत नसेल तर 'फुटला' लिहायचं. उलटपण तेवढंच खरं, कोणीतरी हातोडा मारताना सगळ्यांनी बघितलंय आणि रिपोर्टमध्ये 'पाइप फुटला' असेल तर तेपण खोटंच झालं.

मग साहेबांनी सांगितलं, सगळी वाक्यं ॲक्टिव्ह करून आण. मी दुसरी चूक केली, तीपण पहिलीपेक्षा मोठी. 'मिक्सर ऑपरेटरने जास्त पाणी सोडले' असं लिहून टाकलं! वाक्य एकदम सुटसुटीत, ठसठशीत, आणि सपशेल खोटं. ॲक्टिव्ह म्हणजे खरं असं काही नसतं, कर्ता माहीत नसताना वाक्याला कर्ता लागतो म्हणून जवळ उभा असलेला माणूस धरून आणायचा नसतो. तसंच इनचार्ज लिहितो 'मी व्हॉल्व बदलला', आणि पाना हातात धरलेला असतो फिटरने. तिथं 'मी फिटरकडून व्हॉल्व बदलून घेतला' हे बरोबर, कारण उद्या व्हॉल्व परत गळला तर नट कसा आवळला हे फिटरलाच विचारावं लागणार.

जाता जाता एक गोंधळ काढून टाकू. शाळेत शिकवलेलं आठवत असेल, 'फिटरने व्हॉल्व बदलला' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद व्हॉल्वच्या मागं जातंय. म्हणून कोणी म्हणालं की रिपोर्टमध्ये कर्मणी टाळा, तर ऐकू नका. त्यात फिटर लख्ख दिसतोय, भूतकाळात मराठी अशीच चालते. माणूस लपतो तो 'ण्यात आले' आणि 'केले गेले' इथं. शोधायचं ते हे, प्रयोगाचं नाव नाही.

आता उरलेली तीन वाक्यं. 'मॉइश्चर तपासण्यात आले', यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. तपासायची पद्धत कोणीही केली तरी तीच असते, ५० ग्रॅम वाळू घ्यायची, १०५ ते ११० डिग्रीवर वाळवायची, परत वजन करायचं. ते 'वाळवण्यात आली' लिहिलं तरी काही बिघडत नाही, तिथं माणसाचं नाव म्हणजे उगाच गर्दी. पण वजन ४७.६ ग्रॅम भरलं, म्हणजे मॉइश्चर ४.८ टक्के, आणि आमचं टार्गेट होतं ३.५, हे रीडिंग कोणी आणि किती वाजता घेतलं ते लिहावंच लागतं. लॅबच्या पोराने रात्री २ वाजता घेतलेलं, रजिस्टरमध्ये सही आहे. सही सापडली म्हणजे नाव घालायला आधार सापडला.

'संबंधितांना कळवण्यात आले' हे तर सगळ्यात घातक. लॅबवाला म्हणतो मी फोन केला, इनचार्ज म्हणतो मला फोनच आला नाही. अशा वेळी दोघांपैकी एकाचं खरं धरून लिहायचा आपल्याला हक्क नाही. कोण काय म्हणतो ते त्याच्या नावावर लिहायचं, बस्स. तसंच 'चालू ठेवण्यात आले'. भट्टीत मेटल तयार होतं, थांबायचं की ओतायचं हा निर्णय कोणीतरी घेतलाच ना, विचारल्यावर इनचार्जने मान्य केलं की निर्णय माझा. मग ते तसंच लिहायचं.

'कडून' या शब्दाकडंपण जरा नजर ठेवा. माझ्या जुन्या रिपोर्टमध्ये सापडलं, 'सप्लायरकडून बेंटोनाइट तपासून घेण्यात आले'. सप्लायरने तपासलं, का आम्ही तपासून त्याच्याकडून घेतलं? लिहिणारा मीच, आणि मलापण सांगता येईना. तपासणाऱ्याला 'ने' लावा, 'सप्लायरने तपासलं, आम्ही त्याचा रिपोर्ट बघून माल घेतला', मग भांडण नाही.

मी आता सोपं करतो. फाइल लिहून झाली की त्यात 'ण्यात', 'गेला', 'गेली' आणि 'गेले' सर्च मारायचं, आणि प्रत्येक ठिकाणी 'कोणी?' विचारायचं. माहीत असेल आणि त्यानं फरक पडत असेल तर लिहायचं, आपोआप झालेलं असेल तर क्रियापद बदलायचं, आणि माहीतच नसेल तर माहीत नाही असं उघड लिहायचं. शेवटी गेलेला रिपोर्ट असा होता:

"मिक्सर ऑपरेटरने पाण्याचा व्हॉल्व वेळेत बंद केला होता. व्हॉल्वचे सील खराब असल्याने बंद केल्यावरही पाणी गळत राहिले, हे सकाळी ७.३० ला फिटरने तपासून सांगितले. रात्री २ वाजता लॅब टेक्निशियनने मॉइश्चर ४.८ टक्के नोंदवले. आपण फोनवर कळवले असे टेक्निशियनचे म्हणणे आहे, फोन आला नाही असे शिफ्ट इनचार्जचे म्हणणे आहे. फोनची नोंद नाही. पोअरिंग चालू ठेवण्याचा निर्णय शिफ्ट इनचार्जने घेतला. सील याआधी कधी आणि कोणी बदलले, याची नोंद सापडली नाही."

इनचार्ज सही करताना जरा कुरकुरला, पण केली. मामांना वाचून दाखवला तर म्हणाले, "एवढं सोपं हुतं तर पयल्यांदाच का नाही लिव्हलंस रं?"