गाडी, फलाट आणि समोरून येणारी दुसरी गाडी: अंतर कोणाचे, वेग कोणता?

या गणितांत सूत्र एकच असते, अंतर भागिले वेग बरोबर वेळ. गडबड होते ती अंतर म्हणून काय घ्यायचे इथे. इंजिनाचे टोक फलाटाच्या सुरुवातीला आले की घड्याळ सुरू करा आणि शेवटच्या डब्याचे मागचे टोक फलाटाबाहेर पडले की थांबवा. तेवढ्या वेळात इंजिन फलाटाची लांबी तर कापतेच, शिवाय गाडीच्या लांबीइतके पुढेही जाते. म्हणून दोन्ही लांबींची बेरीज. खांबाला लांबी नसतेच म्हणा ना, तिथे फक्त गाडीची लांबी उरते.

एक उदाहरण घेऊ. गाडी खांब ९ सेकंदांत आणि २२० मीटरचा फलाट २० सेकंदांत ओलांडते. वेगही माहीत नाही, लांबीही नाही, तरी समीकरण मांडायची गरज पडत नाही. जास्तीचे ११ सेकंद केवळ फलाटाच्या २२० मीटरसाठी लागले, म्हणजे वेग सेकंदाला २० मीटर आणि गाडीची लांबी २० × ९ = १८० मीटर. इथे २२० ला थेट २० ने भागून वेग ११ काढणारे पुष्कळ. ते गाडीची लांबी विसरलेले असतात.

आता शेजारच्या रुळावर १७० मीटर लांबीची, ताशी ५४ किलोमीटर वेगाची दुसरी गाडी आणा. आधी एकक सारखे करा: ५४ × ५/१८ = सेकंदाला १५ मीटर. समोरासमोर येत असतील तर एका गाडीतून पाहताना दुसरी २० + १५ = ३५ च्या वेगाने जवळ येते. अंतर १८० + १७० = ३५०, वेळ १० सेकंद. एकाच दिशेने जात असतील आणि पहिली दुसरीला मागे टाकत असेल, तर सापेक्ष वेग २० − १५ = ५, वेळ ७० सेकंद. दिशा बदलली की वेगांची बेरीज वजाबाकी होते. लांबींची मात्र दोन्हीकडे बेरीजच. वेग वजा केले म्हणून लांबीही वजा करून १० मीटर धरले, तर उत्तर २ सेकंद येते. एकाच दिशेला समोरासमोरपेक्षा कमी वेळ लागूच शकत नाही, तेव्हा चूक तिथेच कळायला हवी.

प्रश्नात ‘खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला’ असे आले तर सावध. प्रवासी म्हणजे खांबच, फक्त चालता. पहिल्या गाडीतल्या माणसासमोरून समोरची गाडी जाताना अंतर तिचेच १७० मीटर, वेळ १७०/३५, म्हणजे सुमारे ४.८६ सेकंद. तो ज्या गाडीत बसला आहे तिचे १८० मीटर इथे कुठेच येत नाहीत.

हे सारे वेग स्थिर असेल तोवरच खरे. स्थानकात थांबण्यासाठी ब्रेक लावलेल्या गाडीला ही रीत लावू नका.