टॉवेल तोट्यात दिसतोय? बंद करण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात चादर आणि टेरी टॉवेल एकाच शेडखाली विणणारे कारखानदार कमी नाहीत. भावाभावांत वाटणीची वेळ आली किंवा टॉवेल परवडेना झाला, की एकच प्रश्न निघतो: दोन्ही एकत्र ठेवायचे की वेगळे करायचे? बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो.

मोठी चूक म्हणजे सामायिक खर्च निम्मा-निम्मा वाटून निर्णय घेणे. समजा, महिन्याला सूत, मजुरी आणि मागांचा खर्च चादरीचा ९ लाख, टॉवेलचा ६ लाख. डाईंग, बॉयलर आणि ऑफिसचा खर्च ४ लाख. एकच माल काढला तरी तो तेवढाच. दोन्ही माल एकत्र काढताना रंग बदलला की भांडी धुवा, डिझाईन सांभाळा, यात आणखी १ लाख जातो. म्हणजे एकूण २० लाख. विक्री चादरीची १४.५ लाख, टॉवेलची ७.५ लाख. नफा २ लाख.

आता मुनीम ५ लाखांचे दोन भाग करतो. टॉवेलवर ८.५ लाख खर्च दिसतो आणि १ लाख तोटा. मालक टॉवेल बंद करतो. पण वाचतात किती? टॉवेलचे ६ लाख आणि एकत्र काढण्याचा १ लाख, मिळून ७ लाख. विक्री मात्र ७.५ लाखांनी जाते. नफा २ लाखांवरून दीड लाखावर येतो. तोटा टॉवेलमध्ये नव्हताच, खर्चाच्या वाटणीत होता.

दोन स्वतंत्र कारखाने काढले तर खर्च १३ आणि १० असा २३ लाख. एकत्र २० लाख. हे वाचलेले ३ लाख म्हणजे व्याप्तीची बचत, एकत्र खर्चाच्या १५ टक्के. जास्त चादरी काढल्याने नगामागे खर्च उतरतो, ती प्रमाणाची बचत. दोन्हींची गल्लत नको.

उलट चूकही होते: ३ लाख वाचतात म्हणून एकाच मालकीत राहायलाच हवे, असे धरून बसणे. टॉवेलवाल्या भावाने स्वतःचे डाईंग न काढता बाहेरून जॉबवर्कने सूत रंगवून घेतले, त्याचे १.२ लाख आणि छोट्या ऑफिसचे ५० हजार धरले, तर त्याचा खर्च ७.७ लाख. चादरीचे १३ मिळवले की २०.७ लाख. वेगळे होण्याची किंमत ३ लाखांवरून ७० हजारांवर आली! घरातल्या रोजच्या कटकटीपुढे ती कुणाला स्वस्तही वाटेल. अर्थात, जॉबवर्कवाला वेळेवर आणि त्याच रंगछटेत सूत देत असेल तरच.

माग मात्र या बचतीत धरू नका. टेरीच्या मागाला पायाच्या विणीचा आणि लूपचा असे दोन बीम लागतात. चादरीचा माग रिकामा असला, म्हणून त्यावर उद्या टॉवेल निघत नाही.

शिवाय डाईंगला जागा शिल्लक असेपर्यंतच हे गणित खरे. थंडीच्या ऑर्डरी आल्या आणि चादरीचे सूत टॉवेलच्या मागे रांगेत पडून राहू लागले, की उशिरामुळे हुकलेल्या ऑर्डरीचा नफा टॉवेलच्या खर्चात धरावा लागतो. वरच्या आकड्यांत टॉवेल ५० हजारांनी तरतो. महिन्याला त्याहून जास्त नफ्याच्या चादरी हुकत असतील, तर तेवढ्या महिन्यांपुरता टॉवेलचा रंग बाहेर द्या.